पत्र जाहिरातीला उत्तर देते का?

नोकरीच्या अर्जाला जोडलेले पत्र, म्हणजे कव्हर लेटर, चांगले आहे की नाही हे नुसते पत्र वाचून ठरत नाही. भाषा शुद्ध आहे, मांडणी नेटकी आहे, सूर नम्र आहे, एवढे त्यावरून सांगता येते. पण ते पत्र ज्या जाहिरातीसाठी लिहिले, ती शेजारी ठेवल्याशिवाय खरा प्रश्न विचारताच येत नाही: या मालकाने जे मागितले, त्याचे उत्तर या पानावर आहे का? एका जाहिरातीला चपखल बसलेले पत्र दुसऱ्या जाहिरातीपुढे पार निकामी ठरू शकते, आणि त्यात पत्राचा एक शब्दही बदललेला नसतो. म्हणून पत्राची तपासणी पत्रापासून सुरू होत नाही, जाहिरातीपासून होते.

हे खासगी नोकऱ्यांबद्दल आहे. राज्य लोकसेवा आयोगासारख्या सरकारी भरतीत ठरावीक नमुन्याचा अर्ज, प्रमाणपत्रे आणि परीक्षा यांवर निवड होते. पत्राला तिथे जागा नसते. ब्रिटनमधली सरकारी आरोग्यसेवा मात्र या दोहोंच्या मधली वाट काढते. तिथल्या नोकरीच्या जाहिरातीसोबत अपेक्षांचा तक्ता दिलेला असतो, त्यात अत्यावश्यक आणि इष्ट असे दोन भाग असतात, आणि उमेदवाराच्या निवेदनाची छाननी त्या तक्त्यावरून होते. आपल्याकडच्या लहान-मध्यम कारखान्याच्या जाहिरातीत असा तयार तक्ता मिळत नाही. तो वाचणाऱ्याला स्वतःच बनवावा लागतो, आणि निम्मे काम तिथेच असते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक जाहिरात घेऊ. चाकण एमआयडीसीतला यंत्रभाग बनवणारा एक मध्यम कारखाना अकाउंट्स असिस्टंट शोधतो आहे. मजकूर असा:

“अकाउंट्स असिस्टंट पाहिजे. बी.कॉम., किमान २ वर्षांचा अनुभव. उत्पादन क्षेत्रातील अनुभवास प्राधान्य. टॅली प्राइममध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी, खरेदीचा जीएसटीआर-२बीशी मेळ घालून आमच्या सीएंना दरमहा वेळेवर माहिती देणे, जॉब वर्कला गेलेल्या मालाच्या चलनांचा हिशेब, पुरवठादारांचा पाठपुरावा. इंग्रजीत ई-मेल लिहिता यावा. मेहनती, प्रामाणिक, दबावाखाली काम करण्याची तयारी. लवकर रुजू होणाऱ्यास प्राधान्य. अर्जात सध्याचा व अपेक्षित पगार लिहावा.”

जाहिरात लहान असली तरी तिच्यात पाच वेगवेगळ्या प्रकारची वाक्ये एकत्र आली आहेत, आणि ती वेगळी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बी.कॉम. आणि २ वर्षे या दारातल्या अटी आहेत: त्या पुऱ्या होतात किंवा होत नाहीत. टॅली, २बीचा मेळ, चलने आणि पाठपुरावा हे प्रत्यक्ष काम आहे. कारखाना पगार देणार तो यासाठी. उत्पादन क्षेत्रातला अनुभव आणि लवकर रुजू होणे या पसंतीच्या बाबी आहेत. मेहनती, प्रामाणिक वगैरे शब्द मात्र जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतात. ते खोटे नसतात, पण त्यांवरून दोन उमेदवारांत फरक करता येत नाही. आळशी माणूस पाहिजे अशी जाहिरात कोणी देत नाही. शेवटची पगाराची ओळ ही अट नाही आणि कामही नाही, ती एक सूचना आहे. तिचे महत्त्व पुढे येईल.

यातली कोणती ओळ जड आहे, हे ओळखायची खूण तिच्या नेमकेपणात असते. “जीएसटीचे ज्ञान” असे लिहिणाऱ्याने बहुधा जुनी जाहिरात उचललेली असते. “खरेदीचा जीएसटीआर-२बीशी मेळ” असे लिहिणाऱ्याला त्या कामाची झळ लागलेली असते. तेच जॉब वर्कच्या चलनांचे. अकाउंट्सच्या साध्या जाहिरातीत हा उल्लेख सापडत नाही. इथे तो मुद्दाम घातला आहे, म्हणजे त्या कारखान्यात ते काम मोठे आहे किंवा तुंबले आहे. यापैकी काय, ते जाहिरातीवरून कळत नाही आणि कळल्याचा आव आणू नये. पण ही ओळ इतरांपेक्षा वजनदार आहे, एवढे खात्रीने म्हणता येते.

आता प्रत्येक कामाच्या ओळीचा प्रश्न करायचा. मागणी जशीच्या तशी ठेवली तर पत्रात तो शब्द दिसला की डोळा समाधानी होतो. प्रश्न केला की नुसत्या शब्दाने भागत नाही. यासाठी ते काम काय आहे हे थोडे समजून घ्यावे लागते.

जीएसटीआर-२बी हे जीएसटीच्या पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारे विवरण आहे. पुरवठादारांनी आपापल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१मध्ये, जी बिले दाखवली, ती खरेदीदाराच्या २बीत उमटतात. १ जानेवारी २०२२पासून नियम असा आहे की जे बिल इथे दिसत नाही, त्यावरच्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, खरेदीदाराला घेता येत नाही. माल आला, पैसे दिले, बिल फाइलला लागले, तरी पुरवठादाराने रिटर्न भरले नाही किंवा बिलावर जीएसटी क्रमांक चुकवला, की क्रेडिट अडकले. जीएसटीआर-३बी भरायची मुदत नेहमीच्या मासिक करदात्याला २० तारखेची असते. म्हणजे १४ ते २० या थोड्या दिवसांत टॅलीतली खरेदी आणि २बी समोरासमोर ठेवून फरक शोधायचे, ज्यांची बिले दिसत नाहीत त्यांना फोन करायचे आणि सीएंना यादी द्यायची.

हे कळले की जाहिरातीतल्या दोन वेगळ्या दिसणाऱ्या ओळी एकमेकींना जाऊन मिळतात. “पुरवठादारांचा पाठपुरावा” म्हणजे केवळ माल कधी पाठवता अशी विचारणा नव्हे. अकाउंट्सच्या माणसाकडून तो मागितला आहे, तो बहुधा राहिलेल्या बिलांसाठी आहे. तेव्हा प्रश्न असा होतो: न जुळलेली बिले हुडकून, पुरवठादाराच्या मागे लागून ती दुरुस्त करून घेण्याचे काम या उमेदवाराने केले आहे का? “जीएसटी येते का” या प्रश्नापेक्षा तो कितीतरी अरुंद आहे, आणि म्हणूनच उपयोगी आहे.

जॉब वर्कचेही तसेच. कारखाना कच्चा किंवा अर्धवट तयार माल कोटिंगला, हीट ट्रीटमेंटला, ग्राइंडिंगला बाहेर पाठवतो. तो चलनावर जातो, त्यावर त्या वेळी कर लागत नाही. पण हा माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा जॉब वर्करच्या जागेवरूनच पुढे विकला जावा लागतो. तसे झाले नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते आणि कर व्याजासह भरावा लागतो. जॉब वर्कला गेलेल्या आणि आलेल्या मालाचे विवरण आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये ठरावीक काळाने द्यावे लागते. घोटाळा होतो तो साध्या कारणाने: एका चलनावर ५०० नग जातात, ते तीन हप्त्यांत परत येतात, काही नग रिजेक्ट होतात, आणि परत येताना आलेल्या चलनावर मूळ चलनाचा क्रमांक नसतो. इथे प्रश्न असा: गेलेल्या आणि आलेल्या चलनांची अशी जुळणी या उमेदवाराला माहीत आहे का?

ही तयारी झाली की पत्र हातात घ्यायचे. आधी नाही. पत्र आधी वाचले तर वाचणारा पत्रातल्या गोष्टी महत्त्वाच्या मानू लागतो आणि मग जाहिरातीत त्या शोधतो. दिशा उलटी होते.

समजा पहिले पत्र असे आहे:

“आपल्या नामांकित कंपनीत अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी मी अर्ज करीत आहे. मी बी.कॉम. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण असून गेली तीन वर्षे पुण्यातील एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात काम करीत आहे. मला टॅली प्राइम, जीएसटी, टीडीएस आणि एक्सेलचे उत्तम ज्ञान आहे. जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी मी दरमहा नियमितपणे भरते. मी मेहनती व प्रामाणिक असून दबावाखाली काम करण्याची माझी तयारी आहे. आपल्या कंपनीत काम करून माझ्या ज्ञानात भर घालण्याची संधी मिळावी, ही विनंती.”

पत्र स्वच्छ आहे. एखाद्या शिक्षकाने तपासले तर लाल शाई फारशी लागणार नाही. आता पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते समासात लिहीत जायचे. उत्तराची प्रत चार पायऱ्यांत ओळखता येते. काहीच नाही, ही पहिली. नुसता उल्लेख, ही दुसरी: तो शब्द पत्रात आला आहे, एवढेच. तिसरी दाव्याची: “मला हे येते” असे उमेदवार म्हणतो. चौथी पुराव्याची: कुठे, कोणाचे, किती आणि कसे, यातले काहीतरी असे सांगितले आहे की मुलाखतीत त्यावर पुढचा प्रश्न विचारता येईल. दावा आणि पुरावा यांतला फरक पकडायची सोपी कसोटी आहे. तेच वाक्य ते काम कधीही न केलेल्या माणसाला लिहिता आले असते का? आले असते, तर तो दावा. “टॅलीचे उत्तम ज्ञान आहे” हे कोणालाही लिहिता येते.

या कसोटीवर पहिले पत्र पाहू. बी.कॉम. आणि तीन वर्षे: दारातल्या अटी पुऱ्या. टॅली: दावा. २बीचा मेळ: पत्रात नाही. “जीएसटी” हा शब्द आहे, आणि रिटर्न भरण्याचे वाक्य तर बरेच ठोस आहे, पण ते शेजारच्या प्रश्नाचे उत्तर आहे. रिटर्न कारखान्याचे सीए भरतात, असे जाहिरातीच्या शब्दांतच सूचित आहे. कारखान्याला हवा आहे तो रिटर्नच्या आधीचा टप्पा सांभाळणारा माणूस. पत्रांच्या तपासणीत सर्वांत जास्त फसवणूक अशाच उत्तराने होते. ते खरे असते, विषयाला धरून असते, त्यात तपशीलही असतो, आणि तरी विचारलेल्या प्रश्नाला ते चुकवून जाते. पूर्ण गैरहजर उत्तर लगेच डोळ्यात भरते. शेजारचे उत्तर भरत नाही. इथे फार तर उल्लेखाचे श्रेय देता येते.

जॉब वर्क: काहीच नाही. पुरवठादारांचा पाठपुरावा: काहीच नाही. इंग्रजी ई-मेल: काहीच नाही. पगार लिहायला सांगितला होता, तो लिहिलेला नाही. रुजू कधी होणार याचाही पत्ता नाही. उलट “मेहनती”, “प्रामाणिक” आणि “दबावाखाली काम” हे तिन्ही शब्द जाहिरातीतून उचलून परत केले आहेत. हा नुसता प्रतिध्वनी आहे. जाहिरातीची भाषा वापरणे गैर नाही, २बीला २बीच म्हणावे लागते. पण शब्द परत देताना सोबत स्वतःचे काही आले नसेल, तर त्याचे मोल शून्य धरावे. शेवटच्या वाक्यात उमेदवाराला काय मिळेल हे आहे, कारखान्याला काय मिळेल हे नाही. समासात त्याच्यापुढे लिहायला प्रश्नच सापडत नाही, आणि अशी बेवारस वाक्ये किती उरली, हेही तपासणीतले एक मापच आहे.

या पत्राला आणखी एक परीक्षा देता येते. कंपनीचा संदर्भ आणि पदाचे नाव झाकून ते ज्याने जाहिरात पाहिली नाही अशा माणसाला वाचायला द्यायचे आणि विचारायचे, ही नोकरी कोणती असेल? पहिल्या पत्रावरून उत्तर येईल: हिशेबाची कुठलीही. औषधाचे दुकान, शाळा, सीएचे कार्यालय, कारखाना, काहीही चालेल. जे पत्र सगळ्या जाहिरातींना पाठवता येते, ते यापैकी एकीलाही उत्तर देत नाही.

इथे तपासणारा कोण आहे, यावर पुढची वाट ठरते. कारखान्यात अर्ज छाननारा असेल, तर त्याला एक मोह आवरावा लागतो. उमेदवार तीन वर्षे सीएच्या कार्यालयात आहे, म्हणजे २बीचा मेळ तिने केलाच असणार, असे त्याचे मन म्हणते. असेलही. पण पत्रात नसलेले उत्तर तपासणाऱ्याने स्वतः भरायचे नसते, कारण एकाच्या बाबतीत ते भरले आणि दुसऱ्याच्या बाबतीत भरले नाही, की तुलना कोलमडते. बायोडेटात ते लिहिलेले असेल तर तिथले श्रेय द्यावे, मात्र ते सगळ्यांना सारखे द्यावे.

दुसरा मोह भाषेचा. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिले की वरिष्ठ जेव्हा हाताखालच्या माणसांना वेगवेगळ्या गुणांसाठी गुण देतात, तेव्हा एका गुणाबद्दलचे चांगले मत बाकीच्या गुणांवरही सांडते. इंग्रजी सफाईदार असले की हिशेबही पक्का असेल असे वाटू लागते. यावर एक साधा उपाय आहे: पत्र एकामागून एक संपवण्याऐवजी प्रश्न एकामागून एक संपवायचे. आधी सगळ्या पत्रांत फक्त २बीचे उत्तर पाहायचे, सगळ्यांना त्याचे गुण द्यायचे, मग जॉब वर्ककडे वळायचे. वेळ थोडा जास्त जातो, पण पहिल्या परिच्छेदाचा प्रभाव शेवटच्या परिच्छेदापर्यंत टिकत नाही. दोघांनी वेगवेगळे गुण देऊन मग ताडून पाहिले तर आणखी बरे. जिथे दोघांचे गुण फार लांब पडतात, तिथे बहुधा पत्र नव्हे, प्रश्नच संदिग्ध असतो.

तपासणारा स्वतः उमेदवार असेल, किंवा त्याचा मित्र, मोठी बहीण, कॉलेजातले सर असतील, तर गाळलेल्या जागा हाच खरा फायदा. प्रत्येक रिकाम्या प्रश्नापाशी थांबून विचारायचे: हे काम केलेलेच नाही, की केले आहे पण लिहिले नाही? या दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. वरच्या उमेदवाराच्या बाबतीत बहुतेक रकाने दुसऱ्या प्रकारचे निघाले, असे समजू. मग तिचे दुसरे पत्र असे होईल:

“खरेदीचा जीएसटीआर-२बीशी मेळ आणि पुरवठादारांचा पाठपुरावा ही आपल्या जाहिरातीतील कामे सध्या मी ११ क्लायंटसाठी करते, त्यांपैकी ४ लहान कारखाने आहेत. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर २बी डाउनलोड करून ती टॅलीतील खरेदीशी ताडते आणि न जुळलेल्या बिलांची पुरवठादारानुसार यादी करते. बहुतेक फरक बिल क्रमांक चुकल्याने किंवा पुरवठादाराचे रिटर्न उशिरा गेल्याने पडतात. अशा पुरवठादारांना क्लायंटच्या वतीने मीच फोन आणि ई-मेल करते.

जॉब वर्कची चलने मी स्वतः ठेवलेली नाहीत. मात्र दोन कारखान्यांचे आयटीसी-०४ त्यांनी पाठवलेल्या चलनांवरून मी तयार केले आहे. त्यामुळे हप्त्यांनी परत आलेला माल मूळ चलनाशी कसा जुळवायचा आणि वर्षाची मुदत कशी पाहायची, हे मला माहीत आहे.

मी बी.कॉम. असून तीन वर्षे चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात काम करते. निगडीला राहते, रोज चाकणला येणे जमेल. नोटिस पिरियड एक महिना. सध्याचा पगार १९,००० रुपये, अपेक्षा २५,००० रुपये.”

हे पत्र पहिल्यापेक्षा दुपटीहून किंचितच कमी लांब आहे, पण त्यात समासात प्रश्न न सापडणारे वाक्य जवळजवळ नाही. मेळ आणि पाठपुरावा यांना पुरावा मिळाला: किती क्लायंट, कोणत्या तारखेनंतर, कोणत्या पद्धतीने. फरक का पडतात हे सांगणारे वाक्य तर विशेष. जाहिरातीत ते मागितलेले नाही, पण काम न करणाऱ्याला ते सुचणार नाही. टॅलीचा उल्लेख कामाच्या ओघात आला, स्वतंत्र बढाईशिवाय. तरी विक्रीच्या नोंदींबद्दल पत्र गप्प आहे, तेव्हा तिथे पूर्ण श्रेय द्यायला नको.

जॉब वर्कचा परिच्छेद नीट पाहण्यासारखा आहे. तिथे उणीव आहे आणि ती उघड कबूल केली आहे. छाननारे काही जण असे वाक्य दिसताच काट मारतात, हे खरे. पण या उणिवेला लागूनच जवळचा अनुभव ठेवला आहे, आणि तो खरोखर जवळचा आहे: चलने ठेवणे आणि चलनांवरून विवरण करणे या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. इथे तपासणाऱ्याने अंतर मोजायचे असते. हाच परिच्छेद “जॉब वर्कचा अनुभव नाही, पण मी लवकर शिकते” असा असता, तर तो पुन्हा दावाच ठरला असता. दोन्ही प्रकारच्या उत्तरांना सारखेच तोकडे समजणे ही छाननीतली नेहमीची चूक आहे.

आकड्यांत सांगायचे, तर चार पायऱ्यांना ०, १, २, ३ असे गुण दिले आणि कामाच्या चार ओळी धरल्या, तर पहिल्या पत्राला टॅलीचे २ आणि मेळाचा १ मिळून १२पैकी ३ पडतात. दुसऱ्याला मेळ ३, पाठपुरावा ३, टॅली २, जॉब वर्क २, असे १०. या आकड्यांना फार किंमत देण्याचे कारण नाही; ते चर्चेला धरायला दांडी म्हणून बरे असतात. एक पथ्य मात्र पाळावेच लागते. दारातल्या अटी या बेरजेत घालायच्या नाहीत. दोन वर्षांचा अनुभव सक्तीचा असेल आणि उमेदवाराला सहाच महिने झाले असतील, तर बाकीचे सगळे गुण मिळवूनही ती अट भरून निघत नाही. आणि उलट, पसंतीची बाब नसल्याबद्दल कोणाला बाद करायचे नाही. “असल्यास प्राधान्य” हे शब्द वाचून पात्र माणसे अर्जच करत नाहीत, आणि छाननारेही कधी कधी ते शब्द अटीसारखे वापरतात. दोन्हीकडून जाहिरात चुकीची वाचली जाते.

काही अपेक्षांचे उत्तर पत्रातल्या वाक्यात नसते, पत्र स्वतःच ते उत्तर असते. इंग्रजीत ई-मेल लिहिता यावा, ही त्यातली. वरची पत्रे इथे मराठीत दिली आहेत; प्रत्यक्षात उमेदवाराने इंग्रजीत पत्र पाठवले, तर “माझे इंग्रजी चांगले आहे” हे वाक्य अनावश्यक होते. पगाराची सूचनाही याच जातीची. ती पाळली की नाही, यावरून सांगितलेले काम शेवटपर्यंत वाचण्याची सवय दिसते, आणि चलनांची जुळणी करणाऱ्याला तीच सवय लागते. तरी एका राहिलेल्या सूचनेवरून कोणाला निष्काळजी ठरवणे जास्तीचे होईल. पगार आधी सांगितला तर घासाघीस करताना हात बांधले जातात, म्हणून जाणते उमेदवार तो मुद्दाम टाळतात. अशा वेळी “पगाराबद्दल प्रत्यक्ष बोलू” एवढी ओळ तरी पत्रात हवी. ती असेल, तर सूचना वाचली होती हे कळते.

जाहिरातच धड नसेल तर ही सगळी पद्धत लंगडी पडते. “अकाउंट्ससाठी होतकरू तरुण-तरुणी पाहिजेत, आकर्षक पगार” अशा मजकुरातून प्रश्न बनत नाहीत. मग कारखान्याचा व्यवसाय काय, त्याचा पत्ता कुठला, त्या जातीच्या कारखान्यात हिशेबाचे काम काय असते, यावरून दोन-तीन प्रश्न अंदाजाने काढता येतात, पण अंदाजावर दिलेले गुण सैल हातानेच धरावे लागतात. फोन करून “काम नेमके काय आहे?” असे विचारणे हा बरेचदा त्याहून चांगला मार्ग असतो. काही ठिकाणी पत्र वाचलेच जात नाही, फक्त बायोडेटा पाहिला जातो, हेही खरे. तिथे पत्रातला पुरावा बायोडेटाच्या पहिल्या पाच-सहा ओळींत हलवावा लागतो. कसोटी तीच राहते.

शेवटी, पत्र जाहिरातीला उत्तर देते एवढेच या तपासणीतून कळते. ते उत्तर खरे आहे की नाही, ते कळत नाही. ११ क्लायंट हा आकडा कोणालाही लिहिता येतो. त्यासाठी तपासणीचाच कागद मुलाखतीत पुढे ठेवायचा. जिथे २ गुण पडले, तिथे एकेक प्रश्न विचारायचा: ५०० नग गेले, ४६० परत आले, २५ रिजेक्ट झाले, उरलेल्या १५चे विवरणात काय दाखवाल? आणि जिथे ३ पडले, तिथेही एक: गेल्या महिन्यात न जुळलेले एखादे बिल सांगा, ते कशामुळे जुळत नव्हते आणि शेवटी काय झाले.